अवनीचा शनिवार

समजा, तुम्हाला एक मेसेज लिहायचा आहे. तुमच्यासोबत काम करणाऱ्या एका व्यक्तीची सुट्टी तुम्हाला हवी आहे. तिने तुमच्या जागी एक दिवस यावं, तुम्ही तिच्या जागी दुसऱ्या दिवशी याल. मॅनेजरची परवानगी तुम्ही आधीच काढली आहे आणि तेही त्यात लिहायचं आहे. एवढंच. चार-पाच ओळींचं काम. लिहायला बसा आणि बघा, पहिली ओळ काय लिहाल? कारण आधी सांगाल, की मागणी आधी? कारण सांगितलं तर समोरच्याला नाही म्हणणं अवघड होतं आणि नाही सांगितलं तर हो म्हणावंसं वाटत नाही.

आमच्या हेल्प डेस्कवर या मेसेजचा एक रिवाज पडला होता. आधी परतफेड लिहायची, मग मागणी, मग परवानगी आणि कारण सगळ्यात शेवटी, तेही एका ओळीत. हा रिवाज सुदर्शनने पाडला होता. तो हिंगोलीकडचा. नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून पुण्यात आला आणि खराडीच्या आमच्या ऑफिसात लागला. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांच्या एका साखळीचं काम आमच्याकडे होतं. तिथल्या दुकानात बिलाचं मशीन अडकलं, प्रिंटर थांबला, कुणाचा पासवर्ड चालेना झाला, की फोन आम्हाला यायचा. त्यांची दुकानं शनिवार-रविवारी जास्त चालायची, म्हणून आमच्या सुट्ट्या आठवडाभर विखुरलेल्या असत. कुणाची मंगळवारी, कुणाची शुक्रवारी. सकाळची शिफ्ट सहाला सुरू व्हायची आणि तीनला संपायची.

सुदर्शनइतके शिफ्ट बदलण्याचे मेसेज डेस्कवर कुणी लिहिले नसतील. त्याची आई यमुनाबाई त्याच्याकडे चंदननगरला एका खोलीत राहायची. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिला डायलिसिसला न्यावं लागे. कर्वेनगरातल्या एका ट्रस्टच्या केंद्रात तिची खुर्ची ठरलेली होती. खराडी हे शहराचं एक टोक आणि कर्वेनगर जवळजवळ दुसरं. दोन बस बदलून जायचं, चार तास मशीनशेजारच्या बाकावर बसायचं आणि येताना रिक्षा. केंद्राचा नियम होता, रुग्णासोबत जबाबदार माणूस पाहिजे, त्याची सही पाहिजे आणि मशीन बंद होईपर्यंत तो आवारातच पाहिजे. माणूस नसेल तर सुई टोचत नसत.

एरवी सुदर्शन दुपारच्या शिफ्टला असायचा, त्यामुळे सकाळ मोकळी मिळायची. महिन्यातून एक आठवडा मात्र सकाळची शिफ्ट सगळ्यांनाच करावी लागे. त्या आठवड्यात तो मेसेज लिहायला बसायचा.

मी हे सांगतोय तेव्हाच्या आठवड्यात मंगळवारचं निभावलं होतं. एकाने त्याच्याशी अदलाबदल केली होती. उरला होता शुक्रवार. सुदर्शनची सुट्टी होती शनिवारी. शुक्रवारी सुट्टी होती ती फक्त अवनीची.

अवनी नारायण पेठेतली. घरात सगळे शिक्षक नाहीतर बँकेत. तिचं बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवीन माणूस दचकायचा. पहिल्यांदा सुदर्शन तिला "मॅडम, तुम्ही" म्हणाला तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम मस्टरवर सही करणाऱ्यांना म्हणतात. मी तुझ्यासारखीच हेडफोन लावते." तेव्हापासून तो तिला अवनी म्हणायला लागला, पण काही मागायची वेळ आली की त्याच्या तोंडून पुन्हा 'तुम्ही' निघायचं.

तो आधी आमच्या मॅनेजरकडे, आमोदकडे गेला. हाही त्याचाच रिवाज. परवानगी आधी, माणूस नंतर. म्हणजे समोरच्याला हो म्हणण्याखेरीज काही करावं लागू नये. आमोदने रोस्टर बघितलं. दोघंही सकाळच्याच शिफ्टचे, दोघांचंही काम एकच, आठवड्याचे तास दोघांचेही तेवढेच राहतात, शनिवारी माणसं कमी पडत नाहीत. हरकत नाही म्हणाला. फक्त दोन गोष्टी त्याने नेहमीप्रमाणे सांगितल्या. एकदा बदललेली शिफ्ट पुन्हा तिसऱ्याला देता येत नाही. आणि ज्याने घेतली तो आला नाही, तर गैरहजेरी त्याचीच.

दुसरी गोष्ट सुदर्शनसाठी साधी नव्हती. आईच्या आजारपणात सुरुवातीला त्याच्या काही न सांगता झालेल्या गैरहजेऱ्या होत्या. त्यावरून त्याला एक पत्र मिळालं होतं. आणखी एक झाली तर नोकरीचा विचार करावा लागेल, असं त्यात होतं. आणि नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. कंपनीच्या विम्यात आईवडील धरलेले होते. आईचं मशीन त्या विम्यावर चालत होतं.

मग त्याने अवनीला मेल लिहिला. आमोदला सीसी. इंग्रजीत होता, पण मराठीत तो साधारण असा:

"अवनी, तुमची शनिवारची सकाळची शिफ्ट मी करेन. त्या बदल्यात माझी शुक्रवारची सकाळची शिफ्ट तुम्ही कराल का? आमोदशी बोललो आहे, त्यांची परवानगी आहे, ते सीसीत आहेत. तुम्ही हो म्हणालात की रोस्टर आणि कॅबची यादी दोन्ही बदलून घेतो, तुम्हाला काही करावं लागणार नाही. आईचं डायलिसिस आहे. शनिवारी मी येईन, काहीही झालं तरी."

शेवटचे शब्द त्याने का घातले, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. एरवीच्या मेसेजमध्ये ते नसायचे. अवनीशी त्याची ही पहिलीच अदलाबदल होती, म्हणून असेल. त्यांच्या गावाकडे उसनं मागताना असंच बोलतात, बैलजोडी एक दिवस मागितली तरी वर शब्द द्यावा लागतो, असं तो म्हणतो.

अवनीने पाचेक मिनिटांत उत्तर दिलं. इंग्रजीत एकच शब्द, चालेल. मग ती उठून त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, तू न मागता मला वर दिलास. तेव्हा कळलं की ती दोन वर्षं जर्मन शिकत होती आणि शनिवारी सकाळी तिची परीक्षा होती. तिने शनिवारची रजा मागितली होती, पण शनिवारी माणसं हवीत म्हणून ती नामंजूर झाली होती. कुणाची अदलाबदल मागावी, तर शनिवार द्यायला कोण तयार होणार, म्हणून ती गप्प बसली होती. परीक्षा परत सहा महिन्यांनी. ती झाली की कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसात अर्ज करता येणार होता.

"तू मागितलं नसतंस तर शनिवारी माझं पोट दुखणार होतं," ती म्हणाली. "आता दुखायची गरज नाही."

सुदर्शन खूश झाला. देणं आणि घेणं इतकं जुळलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. यमुनाबाई म्हणाली, पोरीला पेढे दे पास झाली की.

शुक्रवारी सकाळी अवनी त्याच्या जागेवर येऊन बसली आणि तो आईला घेऊन कर्वेनगरला पोचला. केंद्राच्या बाहेरच्या बाकावर सगळे रुग्ण तसेच बसलेले. दार उघडं, पण खुर्च्या रिकाम्या. आतून तंत्रज्ञ बाहेर आला आणि सांगायला लागला, की पाणी शुद्ध करणारा प्लँट रात्री बंद पडला आहे. डायलिसिसच्या मशीनला साधं पाणी चालत नाही. एका फेरीत रुग्णागणिक शंभरावर लिटर शुद्ध पाणी लागतं. ते नसेल तर सगळी मशीनं नुसती लोखंडं. भाग मागवला आहे, संध्याकाळपर्यंत सुरू होईल, पण आजची सकाळची आणि दुपारची माणसं उद्यावर ढकलावी लागणार.

तो यादी करत गेला. कुणाला उद्या दुपारी, कुणाला संध्याकाळी. यमुनाबाईचं नाव आलं ते उद्या सकाळी.

सुदर्शनने त्याला बाजूला नेऊन विचारलं, दुपारी नाही का जमणार. तंत्रज्ञाने सांगितलं, की दुपारच्या खुर्च्या ज्यांना रोजची इंजेक्शनं आणि दुसरे उपचार आहेत त्यांना दिल्या आहेत. संध्याकाळ भरली. रविवारी केंद्र बंद. सोमवारी सोमवारवाले. मग थेट मंगळवार.

मंगळवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, हे सुदर्शनला आईच्या पायांकडे बघून कळत होतं. शुक्रवारीच ते सुजलेले होते. चपलेचा पट्टा रुतला होता. जिना चढताना ती दोनदा थांबली होती. मंगळवारपर्यंत एवढं पाणी अंगात घेऊन ती राहू शकली नसती. त्याने तिथूनच दुसऱ्या दोन ठिकाणी फोन केले. दोघांनीही सांगितलं, की नवीन रुग्णाच्या रक्ताचे काविळीचे वगैरे ताजे रिपोर्ट आल्याशिवाय मशीनला लावत नाही. ताजे रिपोर्ट यायला दोन दिवस.

मग त्याने आमोदला फोन केला. आमोद वाईट माणूस नाही, हे सुदर्शन आजही सांगतो. आमोदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बदललेली शिफ्ट मी तिसऱ्या कुणाला देऊ शकत नाही, सिस्टिमच घेत नाही. पण तुम्ही दोघं मूळ रोस्टरवर परत जाऊ शकता. म्हणजे उद्या अवनी तिची शिफ्ट करेल. आजची तिची सुट्टी मी नंतर देतो. तिला विचार. तिने हो म्हटलं की मी लगेच बदलतो."

म्हणजे दार एकच होतं आणि त्याची किल्ली अवनीकडे होती.

सुदर्शन बाकावर येऊन बसला. शेजारी सरोजिनीबाई बसल्या होत्या. कर्वेनगरमधल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान यमुनाबाईच्या शेजारच्या खुर्चीवर असत. त्यामुळे मंगळवार-शुक्रवारची त्यांची आणि सुदर्शनची ओळख होती. त्यांनी त्याचा फोनवरचा अर्धा संवाद ऐकला होता आणि बाकीचा विचारून घेतला.

"विचारा की तिला," त्या म्हणाल्या.

सुदर्शनने सांगितलं, तिची परीक्षा आहे.

"मग नका विचारू," त्या म्हणाल्या. "दोन्ही करता येत नाही. विचारायचं तर विचारा, नाहीतर मला सांगा. उद्या सकाळी यांचीही पाळी आहे. मी इथे असणारच. सही माझी चालेल, मी डॉक्टरांशी बोलते. पण मंगळवारी यांच्याजवळ तुम्ही बसायचं. मला बँकेत जायचंय आणि बँकेत गेलं की दुपार होते. पुण्यात फुकट काही मिळत नाही, तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल."

आई बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "हे बी अदलाबदलच की रे."

सुदर्शन हो म्हणाला. पण अजून दिवस संपला नव्हता. तीनला अवनी सुटणार होती. तीन वाजून गेल्यावर तो चंदननगरच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत फोन हातात घेऊन उभा राहिला. नंबर काढला. तेवढ्यात तिचाच मेसेज आला. तुझी शिफ्ट झाली, विशेष काही नव्हतं. उद्यासाठी आभार. आता घरी जाऊन शेवटची उजळणी.

त्याने फोन खिशात ठेवला.

रात्री आईच्या औषधांच्या वेळा, तिचं रोजचं वजन, काय खायचं काय नाही, असं सगळं त्याने सरोजिनीबाईंसाठी कागदावर लिहून ठेवलं. एक गोष्ट तोंडी सांगितली, सकाळी आईला सोडताना. पहाटे पाचला कॅब येण्याआधी तो तिला रिक्षाने पोचवू शकत नव्हता, म्हणून त्याने आमोदकडून कॅब चुकवायची परवानगी घेतली होती. पहाटे अंधारातच रिक्षा करून तो आईला सरोजिनीबाईंच्या घरी सोडून तसाच खराडीला पळणार होता. तिथे त्यांच्या दारात त्याने सांगितलं, की आईचा रक्तदाब उतरायला लागला की ती बोलायची बंद होते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. मशीनचा गजर होण्याच्या आधी. ते दिसलं की लगेच तंत्रज्ञाला हाक मारायची, ते पाणी ओढणं कमी करतात. सरोजिनीबाईंनी मान हलवली. यमुनाबाई त्यांच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, बूड टेकवावं की नाही अशी.

"कुणाच्या पाळीला जायलास आज?" तिने विचारलं.

"अवनीच्या, आई. सांगितलं ना."

"मग तुझी पाळी कवाची?"

त्याला उशीर होत होता. तो हसून निघाला.

आमच्या ऑफिसात कामाच्या मजल्यावर फोन नेता येत नसे. दुकानांच्या गिऱ्हाइकांची माहिती समोर असते म्हणून. दारातच लॉकर होते. फोन आत ठेवायचा, किल्ली गळ्यात घालायची. घरच्यांसाठी ऑफिसचा एक नंबर दिलेला असायचा, तो सुरक्षारक्षकाच्या टेबलावर वाजायचा. सुदर्शनने तो सरोजिनीबाईंच्या कागदावर सगळ्यात वर लिहिला होता.

शनिवारची सकाळ नेहमीसारखीच गेली. मी त्याच्या मागच्या रांगेत होतो. मेलबर्नजवळच्या एका दुकानात तीन बिलाची मशीनं एकदम बंद पडली होती. बाहेर गिऱ्हाइकांची रांग, आणि तिथली बाई रडकुंडीला आलेली. सुदर्शन तिला हळूहळू समजावत होता. मागची वायर काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा. आता पहिला दिवा हिरवा झाला का? त्याचा आवाज इतका शांत होता, की ती बाई शेवटी म्हणाली, तुम्ही इथे असतात तर बरं झालं असतं.

इकडे कर्वेनगरात काय झालं ते नंतर कळलं. शुक्रवार चुकल्यामुळे यमुनाबाईच्या अंगात पाणी जास्त होतं, म्हणून मशीनला जास्त ओढावं लागत होतं. दोन तास नीट गेले. मग शेजारच्या खुर्चीवर सरोजिनीबाईंच्या यजमानांना उलटी झाली. सरोजिनीबाई त्यांच्याकडे वळल्या. तेवढ्या वेळात यमुनाबाई गप्प झाली असेल. पदर गुंडाळला असेल. शेजारी परकं माणूस, तेही स्वतःच्या नवऱ्यात गुंतलेलं. त्याला हाक मारून त्रास द्यावा हे तिच्या मनातही आलं नसेल. गजर झाला तेव्हा तिचे डोळे फिरले होते. तंत्रज्ञाने पाय वर केले, सलाईन दिलं, पाणी ओढणं थांबवलं. ती शुद्धीवर आली, पण डॉक्टर म्हणाले आज पुढे नको. मशीन अर्ध्यावरच बंद केलं.

सरोजिनीबाईंनी कागदावरचा नंबर फिरवला. सुरक्षारक्षकाने निरोप घेतला आणि आमोदला सांगितला. आमोदने सुदर्शनला उठवलं तेव्हा तो त्या मेलबर्नच्या बाईशीच बोलत होता. तिसरं मशीन सुरू व्हायचं बाकी होतं.

लॉकरमधून फोन काढून तो जिन्यात उभा राहून बोलला. आई रिक्षात बसली होती, सरोजिनीबाई तिला आणि यजमानांना घेऊन स्वतःच्या घरी निघाल्या होत्या. आई फोनवर म्हणाली, मला काही झालं नाही, तू पोरीची पाळी पुरी कर. आमोदने त्याला जायला सांगितलं. सुदर्शनने विचारलं, मी गेलो तर काय लागेल? आमोदने घड्याळात बघितलं. म्हणाला, अर्धी रजा लावतो, तू जा.

सुदर्शन निघाला तेव्हा पावणेबारा झाले असतील. अवनी परीक्षेचा शेवटचा पेपर लिहीत असणार.

अंगातलं पाणी अर्धंच निघालं होतं. रविवारी दुपारी यमुनाबाईला श्वास घेता येईना. आडवं झालं की गुदमरायची, उशा लावून बसवून ठेवलं तरी धाप. सुदर्शनने तिला मोठ्या हॉस्पिटलला नेलं. पाणी फुप्फुसात गेलं होतं. तिथे तातडीचं डायलिसिस झालं. काही दिवस ती तिथे राहिली. सुदर्शनही राहिला. त्या मंगळवारी सरोजिनीबाईंच्या यजमानांजवळ बसायचं त्याला जमलं नाही. त्यांनी फोन करून सांगितलं, बँक कुठे पळून जात नाही.

सोमवारी अवनीला हे आमोदकडून कळलं. ती सुदर्शनवर चिडली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्याला गाठून तिने विचारलं, मला फोन का केला नाहीस? त्याने सांगितलं, तुझी परीक्षा होती आणि मी लिहून दिलं होतं.

"लिहून दिलं होतं म्हणजे? तो काय स्टॅम्पपेपर होता?" ती म्हणाली. "विचारायचं. मला नाही म्हणायची तरी संधी द्यायचीस. आता आयुष्यभर मी माझ्या अभ्यासावर नाही, तुझ्या आईच्या फुप्फुसावर पास झाले असं वाटणार."

सुदर्शनने विचारलं, "मी विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

अवनीने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आता हो म्हणणं फार सोपं आहे. शुक्रवारी काय म्हणाले असते, मला खरंच माहीत नाही."

मग ती आईला भेटायला वर गेली. यमुनाबाईने तिला पास झालीस का विचारलं. अजून निकाल नाही, ती म्हणाली. निकाल नंतर लागला आणि चांगला लागला. वर्षाच्या शेवटी ती जर्मनीला गेली.

यमुनाबाई बरी होऊन चंदननगरला आली, पण तिचं मन लागेना. मंगळवार-शुक्रवार आला की ती विचारायची, आज कुणाची पाळी घेतलीस? कुणाला काय द्यायचंय त्याचं? सुदर्शन सांगायचा, अगं, तसं काही नाही. पण तिने ते धरलं. तिला वाटायला लागलं की तिच्या प्रत्येक सुईमागे कुणाचा तरी एक दिवस गहाण पडतो. एक दिवस तिने नांदेडला थोरल्या मुलाला फोन लावायला सांगितलं. त्याचं किराणा दुकान, घराला लागूनच. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मशीनं आहेत, नंबर लावावा लागतो, पण लागतो.

"तिथं कुणाला कुणाची पाळी मागायची नाही," ती म्हणाली. "दुकानाचं दार लोटलं की झालं."

सुदर्शनने खूप समजावलं. तिथली गर्दी, विमा, उन्हाळा. विमा तिथेही चालेल, असं चौकशी केल्यावर कळलं, तेव्हा त्याचं शेवटचं कारणही संपलं. बसमध्ये बसवताना तिने त्याला सांगितलं, आता तुझी सुट्टी तुझी. त्याने खिडकीतून तिच्या हातात पाण्याची छोटी बाटली दिली. दिवसभराचं मोजलेलं पाणी. बस सुटली.

त्यानंतर त्याने कधी शिफ्ट बदलून मागितली नाही. मागायला कारणच उरलं नव्हतं. उलट डेस्कवर कुणालाही अदलाबदल हवी असेल तर आधी सुदर्शनकडेच जायचं, असं झालं. तो नेहमी हो म्हणायचा. परतफेड कधी, हे विचारायचा नाही. नवीन मुलं मेसेज कसा लिहायचा विचारायला आली, की तो त्यांना जुना क्रम सांगायचा. आधी परतफेड, मग मागणी, मग परवानगी, कारण शेवटी. आणि तिथे थांबा, म्हणायचा. कारणानंतर काही लिहू नका.

मी कंपनी सोडली तेव्हा निरोपाच्या चहाला आम्ही दोघंच उरलो होतो. कँटीन बंद व्हायला आलं होतं. यमुनाबाई तेव्हा नांदेडला होती, आठवड्यातून दोनदा मशीनवर, पाय सुजत होते पण चालत होती. सुदर्शन म्हणाला, अवनी काय म्हणाली असती, हे मी आता विचारत नाही. तिलाच माहीत नाही तर मला कुठून कळणार. माझा प्रश्न माझ्याबद्दल आहे. तिचा मेसेज यायच्या आधी माझ्या फोनवर तिचा नंबर काढलेला होता. बोट बटणावर होतं. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, जणू मी मागच्या रांगेत होतो म्हणून मला माहीत असणार:

"मी 'काहीही झालं तरी' असं लिहिलंच नसतं, तर ते बटण दाबलं असतं का रे मी?"